‘ॲलर्जी’च्या रकान्यात कॉफी

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेची नववी-दहावीची सहल एका किल्ल्यावर जायची होती. सहलीपूर्वी पालकांकडून एक छापील अर्ज भरून घेतात. त्यात नाव, पत्ता, रक्तगट यांच्या खाली ‘कशाची ॲलर्जी आहे काय?’ असा एक रकाना असतो. विज्ञानाचा शिक्षक म्हणून हे अर्ज तपासण्याचे काम माझ्याकडे आले. तीन अर्जांवर त्या रकान्यात एकच शब्द होता : कॉफी.

किल्ल्याच्या पायथ्यापासून जवळात जवळचे रुग्णालय मोटारीने तासाभराच्या अंतरावर होते. त्यामुळे हा शब्द वाचून पान उलटणे मला शक्य नव्हते. मधल्या सुट्टीत मी तिघांना बोलावले आणि एकेकाला विचारले, “कॉफी प्यायल्यावर तुला नेमके काय होते?” तीन उत्तरे मिळाली आणि तिन्ही निराळी. एकीला ॲलर्जी नव्हतीच. दुसऱ्यालाही नव्हती, पण त्याचा दोषी कॉफी नसून दुसराच होता. तिसऱ्याला मात्र खरी ॲलर्जी होती, जिवावर बेतू शकेल अशी. आणि तीही कॉफीची नव्हे! विद्यार्थी मित्रांनो, तीन अगदी वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव देतो आणि ही केवळ भाषेची चूक नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे या तिघांच्याच हकिगतींवरून पाहू.

रुमाल टाकून धरलेली जागा

पहिली मुलगी दहावीतली. ती म्हणाली, “सर, छातीत धडधडतं, हात थरथरतात आणि रात्रभर झोप येत नाही. आई म्हणते, तुला कॉफीची ॲलर्जी आहे.” मी विचारले, “किती कॉफी घेतेस आणि केव्हा?” चाचणी परीक्षेच्या दिवसांत ती रात्री आठला एक, दहाला एक आणि बाराला एक असे तीन कप घेत होती. प्रत्येक कपात चहाचा एक चमचा कॉफीची पूड.

आता गणित करू. चमचाभर, म्हणजे सुमारे २ ग्रॅम विरघळणाऱ्या कॉफीत साधारण ६० मिलिग्रॅम कॅफीन असते. तीन कपांचे झाले १८०. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली मुलांसाठी जी मर्यादा सुचवली, ती शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे दिवसाला ३ मिलिग्रॅम अशी आहे. या मुलीचे वजन ४५ किलो. म्हणजे तिची मर्यादा १३५ झाली. ती ओलांडली गेली होती, तीही चार तासांच्या आत.

किरणोत्सारी मूलद्रव्यांचा अर्धायुकाल तुम्ही पुस्तकात वाचला असेल. रक्तातील कॅफीनलाही असा अर्धायुकाल असतो. निरोगी प्रौढ माणसात तो सरासरी ५ तासांच्या आसपास धरतात. तेवढ्या वेळात यकृत निम्मे कॅफीन मोडून टाकते. या हिशेबाने पहाटे तीन वाजता पहिल्या कपातले सुमारे २३, दुसऱ्यातले ३० आणि तिसऱ्यातले ४० मिलिग्रॅम, म्हणजे एकूण ९३ मिलिग्रॅम कॅफीन तिच्या शरीरात शिल्लक होते. नुकतीच दीड कप कॉफी पिऊन अंथरुणावर पडावे, तशी ती पडलेली होती. सकाळी आठ वाजतासुद्धा यातले निम्मे उरलेले असणारच.

कॅफीन झोप उडवते ती कशी? आपण जागे असतो तेव्हा मेंदूत ॲडेनोसीन नावाचा पदार्थ हळूहळू साठत जातो. मेंदूच्या पेशींवर त्याच्यासाठी ठरलेल्या जागा असतात. ॲडेनोसीन तिथे जाऊन बसले की पेशींचे काम मंदावते आणि आपल्याला झोप येऊ लागते. कॅफीनचा रेणू आकाराने ॲडेनोसीनच्या एका भागासारखा दिसतो, म्हणून तो त्या जागांवर जाऊन बसतो, पण ॲडेनोसीनचे काम मात्र करत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसेच हे. रुमाल बसत नाही, पण खऱ्या प्रवाशालाही बसू देत नाही. मेंदूला थकवा कळत नाही, हृदय जोराने चालते, हात कापतात. हा कॅफीनचा नेहमीचा गुणधर्म आहे. पुरेशी मात्रा दिली तर तो कोणाच्याही शरीरात दिसेल.

मग तिचा मोठा भाऊ तेवढीच कॉफी पिऊन घोरतो कसा? कॅफीन मोडणारे यकृतातले विकर सर्वांत सारखे नसते. कोणात ते जलद चालते, कोणात सावकाश. काही औषधांनीही ते मंदावते. सिप्रोफ्लॉक्सासिन हे जंतुनाशक औषध चालू असताना नेहमीचीच कॉफी एकाएकी ‘चढते’, ती याच कारणाने. ज्याच्या शरीराला थोड्या मात्रेनेच असा त्रास होतो, तो कॅफीनला संवेदनशील आहे असे म्हणावे. ॲलर्जीशी त्याचा संबंध नाही.

नाव चुकले तर काय बिघडले, असे कोणी विचारील. या मुलीचे काय झाले ते पाहा. ‘कॉफीची ॲलर्जी’ ठरल्यावर तिने कॉफी सोडली आणि कडक चहाचे चार-पाच कप सुरू केले. चहाच्या कपात कॉफीच्या निम्म्याहून थोडे कमी-अधिक कॅफीन असतेच. कोलापेयांत आणि डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही ते असते. तिने दोषी ओळखला नव्हता; फक्त त्याचा एक पत्ता ओळखला होता. तिला मी एवढेच सांगितले की, दुपारी चारनंतर चहा-कॉफी घेऊ नकोस आणि दिवसाचे कप हळूहळू कमी कर. रोजची कॉफी एकदम बंद केली तर दुसऱ्या दिवशी डोके दुखू लागते आणि तो त्रास कधीकधी आठवडाभर टिकतो. त्यालाही लोक भलतेच नाव देतात.

कपात कॉफीखेरीज काय होते?

दुसरा मुलगा लाजतच म्हणाला, “पोटात गुडगुडतं, गॅस होतो आणि तास-दोन तासांत संडासला धावावं लागतं.” कॉफी कशी करतात, असे विचारल्यावर कळले की घरी दुधातच कॉफी करतात, पाणी घालत नाहीत, आणि तो मोठा पेला भरून, म्हणजे पाव लिटर पितो.

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते, १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमच्या थोडी आत-बाहेर. ती पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज हे विकर लागते. तान्हेपणी ते भरपूर असते. पुढे जगातल्या बहुसंख्य माणसांत ते कमी होत जाते. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पोचली की तिथले जीवाणू ती आंबवतात. त्यातून वायू तयार होतो, साखरेमुळे पाणी आतड्यात ओढले जाते आणि पोट बिघडते. या मुलाच्या पेल्यात सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज जात होते. “दही चालतं का?” असे मी विचारले. “चालतं की, रोज खातो.” दही लावताना जीवाणूंनी बरेचसे लॅक्टोज आधीच संपवलेले असते, म्हणून ते सोसते. याला न सोसणे किंवा न मानवणे म्हणावे. आपल्या भाषेत त्यासाठी ‘वावडे’ हा नेमका शब्द आहेच.

वावड्याची खूण अशी की, त्रास मात्रेवर अवलंबून असतो. घोटभर चालते, पेलाभर चालत नाही. या मुलाला मी एक साधा प्रयोग सांगितला : एका सुट्टीच्या दिवशी बिनदुधाची कॉफी घे, पुढच्या सुट्टीला नुसते पेलाभर दूध घे आणि दोन्ही दिवशी काय झाले ते वहीत लिहून ठेव. काळ्या कॉफीने काही झाले नाही, दुधाने झाले. निकाल लागला.

काहींना काळी कॉफीही मानवत नाही. कॉफीने जठरात आम्ल अधिक सुटते आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी जो स्नायूंचा झडपेसारखा भाग असतो तो सैलावतो. मग आम्ल वर येऊन छातीत जळजळते. कॅफीन काढून टाकलेल्या कॉफीनेही हे काहींना होते, म्हणजे यात एकट्या कॅफीनचा हात नाही. हाही त्रास खरा आहे, पण ही ॲलर्जी नव्हे.

दोन पित्ते

तिसरा मुलगा म्हणाला, “सर, मला कॉफीनं पित्त होतं.” मी त्याला तिथेच थांबवले. मराठीत ‘पित्त झाले’ म्हणजे छातीत जळजळले, आंबट पाणी वर आले. आणि ‘पित्त उठले’ म्हणजे अंगावर लाल, खाजऱ्या गांधी आल्या. एक शब्द, दोन दुखणी. पहिल्याचा मुक्काम पोटात, दुसऱ्याचा शरीराच्या संरक्षणव्यवस्थेत. डॉक्टरांना नुसते ‘पित्त’ सांगितले तर निम्मीच गोष्ट सांगितली असे होते.

“अंगावर उठतं,” तो म्हणाला. “आधी ओठ खाजतात. आजी आमसुलाचं पाणी लावते.” असे दोनदा झाले होते. दोन्ही वेळा कॉफी पिऊन दहा मिनिटेही झाली नव्हती. दुसऱ्या वेळी गांधींबरोबर खोकल्याची उबळ आली, उलटी झाली आणि घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटले. हे ऐकताना मी सावध झालो. त्वचा, श्वास आणि पोट अशा तीन ठिकाणी एकाच वेळी, तेही मिनिटांत, लक्षणे येणे ही पोट बिघडण्याची रीत नव्हे.

‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ साली व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी बनवला. ‘निराळे’ आणि ‘कार्य’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्यांनी जोडले. कारण एखाद्या पदार्थाशी एकदा गाठ पडल्यानंतर शरीर त्याच्याशी निराळे वागू लागते, हे त्यांनी पाहिले होते. या वागण्यामागचा प्रतिपिंड इशिझाका या जपानी दांपत्याने १९६६ साली शोधला. त्याला आयजीई म्हणतात. शरीर एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजते, त्याच्याविरुद्ध आयजीई तयार करते आणि हे प्रतिपिंड त्वचा, श्वासमार्ग, आतडी येथील मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी ते प्रथिन आले की या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामीन आणि तसले इतर पदार्थ ओततात. पहिल्या भेटीत काहीच घडत नाही, म्हणून ‘इतकी वर्षे खात होतो, तेव्हा कुठे काय झाले?’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. मात्रेचाही भरवसा नाही. चिमूटभर पदार्थही पुरतो आणि मागच्या वेळी थोडक्यात निभावले म्हणून पुढच्या वेळी निभावेलच असे नाही.

पण दोषी कोण? हा मुलगा घरी रोज सकाळी गरम कॉफी पितो आणि त्याला काही होत नाही. दोन्ही वेळचा त्रास एकाच दुकानातल्या कोल्ड कॉफीने झाला होता. “वर काय घालतात?” “काजूची पूड.” “काजूकतली खातोस?” “नाही सर, लहानपणापासून तोंड खाजतं म्हणून खात नाही.” सहल पंधरा दिवसांवर होती. मी त्याच्या वडिलांना त्याच दिवशी बोलावले आणि डॉक्टरांकडे जायला सांगितले. तिथे त्याच्या हातावर पदार्थांचे थेंब ठेवून सुईच्या टोकाने त्वचेला जरासे टोचण्याची चाचणी झाली. काजूच्या जागी फुगवटा आला. कॉफीच्या जागी काही नाही. नुसती अशी चाचणी पुरेशी नसते, कारण त्वचेवर फुगवटा येऊनही तो पदार्थ खाल्ल्यावर काही न होणारी माणसे असतात. पण चाचणी आणि हकिगत दोन्ही एकाच दिशेने बोट दाखवू लागली की डॉक्टरांचे काम सोपे होते. काजू आणि त्याचा जवळचा नातेवाईक पिस्ता, दोन्ही पूर्ण वर्ज्य, असे त्यांनी लिहून दिले. कॉफी निर्दोष सुटली.

मग खुद्द कॉफीची ॲलर्जी नसतेच का? असते, पण ती बहुधा कपात नसते. कॅफीनचा रेणू अवघ्या २४ अणूंचा. ॲलर्जी जडवणारी प्रथिने त्याच्या मानाने प्रचंड मोठी असतात. कच्च्या, हिरव्या कॉफीच्या बियांत अशी प्रथिने असतात. बियांची पोती उघडणाऱ्या आणि ओतणाऱ्या कामगारांना त्या धुळीने शिंका, डोळ्यांतून पाणी आणि दमा होतो. काही ठिकाणी तर शोध घेतल्यावर कॉफीबरोबर एरंडाच्या बियांची धूळही दोषी निघाली. कारण तीच तागाची पोती आधी एरंडासाठी वापरलेली होती. बिया २०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजल्या की ही प्रथिने बरीचशी बदलून जातात. म्हणूनच तयार कॉफी पिऊन खरी ॲलर्जी झाल्याची उदाहरणे फार विरळा आहेत. विरळा म्हणजे अशक्य नव्हे. पण आधी कपातल्या इतर वस्तूंकडे पाहावे. दूध, सुकामेवा, आणि फिल्टर कॉफीच्या पुडीत मिसळलेली चिकोरी. चिकोरी घातली असेल तर पाकिटावर तसे छापलेले असते.

डॉक्टरांकडे केव्हा?

कॉफीनंतर त्रास झाला तर चार गोष्टी लिहून ठेवा : कपात काय काय होते, किती घेतले, किती वेळाने त्रास झाला आणि दर वेळी तसेच होते का. धडधड आणि निद्रानाश असेल, तर चहा-कोलानेही तेच होते का पाहा. पोटाचा त्रास असेल, तर दूध वेगळे करून पाहा. हे प्रयोग घरी करण्यासारखे आहेत. पण अंगावर गांधी, ओठ वा डोळ्यांभोवती सूज, घसा आवळणे, खोकला यांपैकी काहीही झाले असेल तर ‘पुन्हा थोडे घेऊन पाहू’ हा प्रयोग घरी कधीही करू नका. वही घेऊन डॉक्टरांकडे जा. असा प्रयोग करायचाच असेल तर तो रुग्णालयात, औषध हाताशी ठेवून करतात.

श्वास अडखळला, आवाज बसला, जीभ सुजली, चक्कर आली किंवा शुद्ध हरपू लागली, तर वेळ दवडू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. रुग्णाला आडवे निजवून पाय उंच ठेवा. श्वास घेता येत नसेल तर बसू द्या, पण उभे करू नका आणि चालवू नका. यावरचे खरे औषध म्हणजे मांडीच्या स्नायूत द्यायचे ॲड्रेनलीनचे इंजेक्शन. खाज थांबवणाऱ्या गोळ्या त्याची जागा घेऊ शकत नाहीत. आमसुलाचे पाणी तर नाहीच. बरे वाटले तरी काही तासांनी लक्षणे पुन्हा उलटू शकतात, म्हणून रुग्णालयात थांबावे लागते.

ॲलर्जी नसली तरी काही वेळा डॉक्टरांना दाखवावेच लागते. धडधडीबरोबर छातीत दुखले किंवा घेरी आली, कॉफी न पिताही धडधडू लागले, अन्न गिळताना अडकू लागले, शौचाला काळे झाले वा वजन घटू लागले, तर खापर कॉफीवर फोडून स्वस्थ बसू नये. पंडुरोग किंवा गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा विकारही अशी धडधड घडवतो.

माझ्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एक सूचना आहे. तो ‘ॲलर्जी’चा एका ओळीचा रकाना काढून टाका. त्यात वावडे, संवेदनशीलता, नावड आणि खरा धोका सगळे एकाच रांगेत उभे राहतात आणि मग आपण कोणाकडेच नीट पाहत नाही. आमच्या अर्जात आता तिथे चार प्रश्न आहेत : काय खाल्ल्याने? किती वेळाने? नेमके काय होते? डॉक्टरांनी काय सांगितले? सहलीला ते तिघेही आले. पहिलीने सकाळी एक कप कॉफी घेतली आणि दुसऱ्याने काळी घेतली. तिसऱ्यानेही सर्वांबरोबर गरम कॉफी घेतली. पण परतीच्या वाटेवर कोणीतरी मिठाईचा पुडा फिरवू लागले, तेव्हा तो पुढे जाण्याआधी मी उघडून पाहिला.